चौथा पेशंट का पडला?

प्रश्न विचारावेत तर माझ्या नणंदेनंच. वीस वर्षं तक्रार खिडकीवर बसलेली बाई! म्हणून मीच तिला स्वयंपाकघरात समोर बसवलं. "वन्सं, समजा तुम्ही आमचे मोठे डॉक्टर. विचारा काय हवं ते."

मी वॉर्डातली सिस्टर. पेशंट पलंगावरून उतरताना पडतात, म्हणून आम्ही दर दोन तासांनी फेरी सुरू केली. प्रत्येकाला विचारायचं, बाथरूमला जायचंय का, काही हवंय का, आणि तक्त्यावर सही. तीन महिन्यांत पडणारे अकरावरून चारवर आले. उद्या हे डॉक्टरांच्या बैठकीत मांडायचं होतं. पटलं तर वॉर्डाला एक सिस्टर जास्त, नाहीतर एक तारखेपासून फेरी बंद.

"पलंग नवे आले असतील?"

"पलंग तेच."

"आधीचे तीन महिनेच वाईट गेले असतील!"

"म्हणून फेरीच्या आधीच्या वर्षभराचे आकडे काढलेत. कुठल्याही तीन महिन्यांत नवाच्या खाली नाहीत."

"बरं. मग हे चार का पडले?"

"तिघं दोन फेऱ्यांच्या मधे पडले."

"आणि चौथा?"

"पडला."

"वहिनी, कुठेतरी पाणी मुरतंय."

अस्सा राग आला! पण सांगून टाकलं. संध्याकाळी सातच्या फेरीला औषधांची गडबड होती. चौथ्या आजोबांकडे मी गेलेच नव्हते. ड्यूटी संपताना सगळ्या सह्या एकदम ठोकल्या, सातचीसुद्धा. आजोबा सव्वासातला पडले होते. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. मला रडूच आलं.

वन्संनी पाणी दिलं, पण सोडलं नाही. "आता हेच उत्तर पाठ कर. काय झालं, का झालं, पुढे काय करणार." पहिल्यांदा पाच मिनिटं लागली, निम्मी सबबींत गेली. चौथ्यांदा चार वाक्यं उरली.

सकाळी आधी मेट्रनना सांगितलं. "विचारलं तर सांग," म्हणाल्या.

बैठकीत पलंगांचं विचारलं, वर्षाच्या आकड्यांचं विचारलं. चौथ्याचं कुणी विचारलंच नाही! मोठे डॉक्टर फाइल मिटायला लागले.

"सर, एक प्रश्न राहिला," मी म्हणाले, आणि चारही वाक्यं बोलले.

"अशा खोट्या सह्या किती?" डॉक्टरांनी विचारलं.

हा प्रश्न वन्संनाही सुचला नव्हता. "माझी ही एक, सर. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

मागच्या ओळीतली आमच्याच वॉर्डातली सिस्टर उभी राहिली. "माझ्या सहा. सगळ्या सातच्या." मग तिच्या शेजारची उठली.

डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली. "सातला असतं काय?"

"तीस पेशंट, औषधांची गाडी आणि दोन सिस्टर," मेट्रन म्हणाल्या.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. "जास्तीची सिस्टर देऊ, पण संध्याकाळीच. आणि तुम्ही तिघी उद्या लेखी खुलासा द्या."

खुलासा लिहायला मला फार वेळ लागला नाही. चार वाक्यं तर तोंडपाठच होती.