चकाकणारी गुणपत्रिका

वाशीमच्या पूर्णिमाला पुण्यात आयटी कंपनीत नोकरी लागली, पण तिने अपलोड केलेली गुणपत्रिका ‘वाचता येत नाही’ म्हणून परत आली. बाबांनी कौतुकाने लॅमिनेट केलेल्या कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडून नेमके गुणच झाकले गेले होते.

“बाबांना कोणी सांगितला होता हा उद्योग?” ती रडकुंडीला आली.

“त्यांना कशाला बोलतेस? आधी फ्लॅश आणि ट्यूब बंद कर,” खोलीतली मैत्रीण अपेक्षा म्हणाली. तिने गुणपत्रिका खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल अशी सपाट ठेवली.

पूर्णिमा सावली पडणार नाही अशी उभी राहिली. तिने दोन्ही हातांनी मोबाइल कागदाला समांतर धरला, अक्षरांवर बोट टेकवून फोकस केला आणि श्वास रोखून फोटो काढला. मोठा करून पाहिला, तर आकडा न् आकडा स्वच्छ!

दुसऱ्या दिवशी गुणपत्रिका मंजूर झाली. तिने पहिला फोन बाबांनाच लावला.