पिंडिकेतला शोथ

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आत्याला घरी सोडताना दवाखान्याने व्यायामाचा कागद दिला. मूळ इंग्रजी कागदाचं मराठी तिथल्या भाषा अधिकाऱ्यांनी केलं होतं. सोपं लिहिणं साहेबांना कमीपणाचं वाटे.

"उत्तान शयनस्थितीत जानुपृष्ठ शय्येवर पंचक्षण दाबावे. घोटा अधोर्ध्व हलवावा. दशावर्तने त्रिवार करावीत."

आत्याने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. तिने कागद भावापुढे सरकवला. भाऊ निवृत्त हेडक्लार्क. कार्यालयीन भाषा त्याच्याइतकी कुणाला कळत नाही, असा समज होता, मुख्यतः त्याचाच.

"त्रिवार म्हणजे तीन वार," तो म्हणाला. "सोम, बुध, शुक्र. बाकीचे दिवस आराम."

आत्याने इमानेइतबारे आराम केला.

नवव्या दिवशी उजवी पोटरी सुजली, गरम लागू लागली. भावाने पुन्हा चष्मा चढवला. तळाशी लिहिलं होतं: "पिंडिकेत शोथ वा उष्मा आढळल्यास त्वरित संपर्क साधावा."

"ही छपाईची चूक," तो म्हणाला. "शोध हवं. संशोधनाचं काहीतरी आहे, डॉक्टरांसाठी. वहिनीला तेल लावून चोळायला सांग."

वहिनी तेल कोमट करत असतानाच ठरलेल्या भेटीला फिजिओथेरपिस्ट आली. वाटी बघून तिने विचारलं, "कशासाठी?"

"पोटरी चोळायला."

"हात लावू नका." तिने आत्याचीच शिवणाची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी तीन सेंटीमीटरने जास्त भरली. "धाप लागते? छातीत दुखतं?"

"नाही," आत्या म्हणाली.

"तरी आत्ताच दवाखान्यात. रक्ताची गुठळी असू शकते."

सोनोग्राफीत गुठळीच निघाली. वेळेत औषधं सुरू झाली म्हणून निभावलं. भाऊ दोन दिवस कुणाशी बोलला नाही. घरच्यांना तेवढाच आराम.

आत्या तपासणीला गेली तेव्हा फिजिओने तिला आणि भाषा अधिकाऱ्यांना व्यायामाच्या खोलीत एकत्र बसवलं.

"पोटरी हा शब्द ग्राम्य आहे," साहेब म्हणाले.

"असेल," आत्या म्हणाली, "पण सुजली ती पोटरीच. पिंडिका माझ्याकडे नाही."

फिजिओने साहेबांना कॉटवर झोपायला सांगितलं. "आता तुमच्या कागदाप्रमाणे पहिला व्यायाम करा."

साहेब झोपले. गुडघा दाबला. थोड्या वेळाने मान वळवून त्यांनी विचारलं, "पंचक्षण म्हणजे नेमकं कितीपर्यंत धरायचं?"

फिजिओने त्यांचाच कागद त्यांच्यापुढे धरला. गुडघा तसाच दाबलेला राहिला.

नवा कागद आत्या आणि फिजिओने मिळून केला. "पाठीवर झोपा. पाय सरळ ठेवून गुडघा गादीवर दाबा. एक ते पाच सावकाश मोजा, सोडा. असं दहा वेळा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. रोज." खाली ठळक अक्षरांत: "पोटरी सुजली, दुखली, लाल किंवा गरम झाली तर चोळू नका. त्याच दिवशी फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा."

छापण्याआधी तो तीन पेशंटना वाचायला दिला आणि व्यायाम करून दाखवायला लावले. तिघांनाही जमले.

भाषेचा दर्जा घसरल्याची साहेबांची तक्रार वर गेली आहे. ती इतक्या शुद्ध मराठीत आहे, की वरच्यांना अजून तिचा अर्थ लागलेला नाही.