काखेतलं रेशीम

शनिवार पेठेतल्या अनंत मास्तरांची बायको सुलभा फाटलेलं पोलकं घेऊन गोदाबाईंच्या ओसरीवर आली, तीच मुळी भांडायला. गोदाबाई विधवा. पंचवीस वर्षं गल्लीतल्या बायकांची पोलकी त्याच शिवत.

"माझं बनारसी कापड कुठं गेलं?" सुलभानं विचारलं. "तुम्ही ते ठेवून घेतलंत आणि कुजकं कापड लावलंत. दोन्ही काखांत चिरलंय."

गोदाबाईंनी पाठीचा भाग ताणला. तो दणकट होता. काखेजवळ नखानं ओढलं, तर कापड सरळ फाटलं.

"कापड एकच आहे बाई. लग्नात दिवसभर घातलं असेल, मग न धुता पेटीत टाकलं ना?"

"रेशीम कोण रोज धुतं? कोळशाची इस्त्री फिरवून ठेवलं."

"तेच नडलं. घाम कापडात राहिला की आंबतो. त्यातलं मीठ धाग्यात बसतं, वरून कडक इस्त्री. मग रेशमाचा दम जातो."

सुलभाला हे सगळं सारवासारव वाटलं. गोदाबाईंनी कापड चोरलं असं तिनं चार घरांत सांगितलं, आणि त्या घरांतल्या पोलक्यांची कापडं गोदाबाईंकडे येईनाशी झाली.

आठ दिवसांनी गोदाबाई स्वतः तिच्या दारात उभ्या राहिल्या. हातात त्याच रेशमाचं उरलेलं कातरण होतं. "याचे दोन तुकडे तुम्हीच कापा, तुम्हीच खुणा करा. रोजच्या सुती पोलक्यात दोन्ही काखांना टाचा. संध्याकाळी दोन्ही काढा. उजवा लगेच साध्या गार पाण्यात खळबळून सावलीत वाळवा, सोडा नको, इस्त्री नको. डावा तसाच वाळवून गरम इस्त्री करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाचा. उन्हाळाभर रोज असंच करा."

सुलभानं काळ्या दोऱ्यानं खुणा केल्या. तुकडे कुणी बदलू नयेत म्हणून रोज वाळल्यावर ते कुलपात ठेवले. चैत्र गेला, वैशाख तापला. डावा तुकडा पिवळा पडून ताठर झाला. ज्येष्ठात एका संध्याकाळी तिनं दोन्ही ओढून पाहिले. उजवा टिकला. डावा जुन्या कागदासारखा दोन बोटांत फाटला.

खुणा तिच्याच होत्या, कुलूप तिचंच होतं. बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आधी ती त्या चार घरांत गेली. चूक आपलीच होती, असं तिनं सांगितलं. त्यांतल्या एका घरच्या मालतीबाई तर तोंडावर हसल्या. मग ती गोदाबाईंकडे आली.

"मी तुम्हाला चोर म्हटलं," ती म्हणाली.

"म्हटलं खरं," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, की 'असू दे' असंही म्हटलं नाही. पोलकं मागून घेतलं, काखेचा कुजका भाग कापला आणि उरल्यासुरल्या रेशमाचं ठिगळ बसवलं. आतून सुती कापडाच्या दोन घड्या बंदांनी बांधल्या.

"या घड्या घाम पितील. दर वेळी काढून धुवा. आणि पोलकं घातल्यावर त्याच दिवशी गार पाण्यातून काढा."

सुलभानं हात लावून पाहिलं. "काख थोडी सैल ठेवली का हो?"

"ठेवली," गोदाबाई म्हणाल्या. "वारा लागू दे."