केसांवर नको, डोळ्यांवर

बारीकरावांना बारीकराव म्हणतात ते त्यांच्या अंगाकडे बघून नव्हे. अंगाने ते चांगले गरगरीत आहेत. पण मुंगीचे पाय, माशीचे पंख, पानावरचं मोहरीएवढंही नसलेलं अंडं, असलं काहीबाही पडदाभर मोठं करून दाखवणं हा त्यांचा धंदा. म्हणून सगळी गल्ली त्यांना बारीकराव म्हणते. शेजारच्या वहिनी तर त्यांच्या तोंडावर म्हणतात, "भावोजी, तुम्हाला मुंगीचा गुडघा दिसतो, पण सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसत नाही."

ते बटण पूर्वी बायकोला दिसायचं. आता ती दूर होती, दुसऱ्या देशात. एका मोठ्या वाहिनीने तिला संकलनाच्या कामावर बोलावलं होतं. असं काम मिळावं म्हणून बिचारीने अर्धं आयुष्य वाट बघितलेली. बोलावणं आलं तेव्हा ती घुटमळली, आणि तिला हाताला धरून पुढे ढकलणारे हेच बारीकराव. "जा गं. मी काय कुकुलं बाळ आहे?" झालं! एकदा असं बोलून बसल्यावर "परत ये" कुठल्या तोंडाने म्हणणार? फोनवर ती विचारायची, "बरा आहेस ना?" हे म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" मग दोघंही जेवणाखाण्याचं बोलायचे आणि फोन ठेवायचे. फोन ठेवल्यावर बारीकराव तिच्या खुर्चीकडे बघत बसायचे. त्या खुर्चीवर त्यांनी केबलींची वेटोळी ठेवली होती. कोणी आलं तर त्याने तिथे बसू नये म्हणून.

दोघांचं लग्न झालं तेच मुळी एका टेबलापाशी. म्हणजे मांडवात झालं रीतसर, पण जमलं टेबलापाशी. हे कॅमेऱ्याची फोकसची रिंग फिरवायचे आणि ती पडद्यावर बघून हुकूम सोडायची. "पुढे. अजून. गेलास! मागे ये." म्हणून ते तिला साहेब म्हणायचे. इतक्या जवळून चित्र घेताना जो भाग स्पष्ट दिसतो त्याची जाडी कागदाएवढीसुद्धा नसते. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो आपला भलतंच काहीतरी पकडतो, म्हणून फोकस हातानेच करावा लागतो. मदतीला दोन सोयी असतात. एक पीकिंग. जिथे कड धारदार दिसते तिथे कॅमेरा पडद्यावर लाल रंग भरतो. दुसरी म्हणजे पडद्यावरचा एवढासा तुकडा पाचपट, दहापट मोठा करून बघणं. पहिली सोय झटपट, दुसरी खरी. पीकिंगला कडा कळतात, त्यातली कुठली आपल्याला हवी ते कळत नाही. अळीच्या तोंडापुढे केस असले की ते आधी लाल होतात, आणि नवशिक्या खूश होऊन बटण दाबतो. मोठ्या पडद्यावर बघावं तर केस कुंचल्यासारखे लख्ख आणि मागचं तोंड धुरकट. साहेबांचा एकच हेका असायचा: "केसांवर नको, डोळ्यांवर."

आता काम आलं होतं ते फुलपाखरावरच्या एका फिल्मचं. चित्रण ह्यांचं आणि संकलन, लांबून का होईना, तिचं. तिनेच हट्टाने मागून घेतलं होतं. सगळं झालं होतं, फक्त अंड्यातून अळी बाहेर येते तो शॉट राहिला होता. गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीवर फुलपाखरू अंडी घालून गेलं होतं. पहिल्या अंड्याच्या वेळी बारीकरावांनी लाल बघून बटण दाबलं. एवढा मुरलेला माणूस, पण शेजारी "गेलास!" म्हणणारं कोणी नव्हतं ना! केस लख्ख, तोंड धुरकट. दुसऱ्या वेळी खिडकीच्या फटीतून झुळूक आली आणि पान हललं. आपल्याला ते हललेलं कळणारही नाही, पण त्या पडद्यावर भूकंप झाला.

बायकोने दोन्ही शॉट बघितले आणि फोन केला. रागावली नाही. म्हणाली, "हे बघ, आता एकच अंडं राहिलंय ना? हेही गेलं तर मी रजा टाकते आणि येते. रोपवाटिकेत अजून अंडी मिळतील. दोघं मिळून घेऊ."

"कशाला उगाच एवढा खर्च?" हे म्हणाले.

जीभ झडो मेल्याची! मनात काय आणि तोंडात काय! फोन ठेवला आणि हा जाडजूड माणूस स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा टाकून बसला. एक सवयीने, एक आशेने. दोन्ही स्वतःच प्यायला.

मग डोक्यात तो विचार शिरला. हेही गेलं तर ती येणार. जाऊ दे की! कोणाला कळणार आहे? चित्रण सुरू केलं की त्यांच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघण्याची सोय बंद पडायची, तेव्हा फक्त पीकिंग उरायचं. लाल दिसलं, मला वाटलं बरोबर आहे. बस्स. साधी, भाबडी चूक. जगातल्या कुठल्याही छायाचित्रकाराने कपाळावर हात मारून म्हणावं, "होतं रे असं." बारीकरावांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही त्यांनी घरातल्या गाद्या उन्हात घातल्या. तिची उशीसुद्धा घातली.

अंडं काळपट पडलं आणि कवचातून आतलं डोकं दिसायला लागलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बारीकरावांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पान चिमट्यात धरलं, दिव्यापुढे पातळ कागद लावला. चित्रण सुरू करायच्या आधी पडदा दहापट मोठा केला. त्या एवढ्याशा काळ्या डोक्याच्या कडेला डोळ्यांचे ठिपके होते, अर्धवट, झिरझिरीत. रिंग किंचित पुढे नेली तर कवचावरची धूळ लख्ख व्हायची, किंचित मागे नेली तर ठिपके. पुढे, मागे, पुढे, मागे. नेमकं कुठे आहे ते बोटांना कळलं.

"साहेब, आहे हं बरोबर," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत कोणी नव्हतं.

मग त्यांनी रिंग जराशी पुढे सरकवली. मुद्दाम. धुळीवर. पडद्यावर लाल ठिपकेच ठिपके झाले. कोणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, वा, काय फोकस आहे! त्यांनी बटण दाबलं, आणि हात मांडीवर ठेवून बसले.

कवचाला आतून भोक पडलं. अळी कुरतडत होती. भोक वाढलं, त्यातून केस आले आणि केसांवर लाल चढलं. मागे डोकं धुरकट. अगदी हवं तसं! विमान कुठल्या दिवशी येईल, दारात ती पहिल्यांदा काय म्हणेल, बहुतेक बटणाबद्दलच बोलेल, असं सगळं एकदम बारीकरावांच्या डोळ्यांपुढे आलं. ती आली की ह्या केबली आधी उचलायच्या, असं ठरवूनही झालं.

आणि त्या पोराने, म्हणजे अळीने हो, डोकं बाहेर काढलं. जन्मात पहिल्यांदा. दम खाल्ला. इकडे वळली, तिकडे वळली. बारीकरावांना ते बघवेना. एवढं चिमुकलं तोंड, कधी नाही ते कोणीतरी त्याच्याकडे बघतंय, आणि त्याचं तोंडच दिसू नये? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नव्हे. मांडीवरचा हात कधी उठला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. रिंग बोटाच्या पेराने मागे आली. केसांच्या टोकांवरचं लाल मावळलं आणि डोक्याच्या कडेला, ठिपक्यांभोवती, एक बारीक लाल रेघ उमटली. अळी पुढे सरकली तशी रिंगही सरकली. ती बाहेर पडली, वळली, आपलंच कवच खायला लागली, आणि रेघ शेवटपर्यंत डोळ्यांवरून हलली नाही.

बारीकरावांनी चित्रण थांबवलं. पाठ घामाने भिजली होती. मोठं करून बघितलं. उत्तम होतं. इतकं चांगलं त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं, आणि इतकं वाईटही त्यांना कधी वाटलं नव्हतं. पुसून टाकावं का? बोट त्या बटणावर जाऊन आलं. दोनदा जाऊन आलं. शेवटी त्यांनी स्वतःला एक कचकचीत शिवी दिली, सुरुवातीचा धुळीचा आणि केसांचा तुकडा कापला आणि बाकीचं बायकोला पाठवून दिलं.

फोन यायला वेळ लागला. आला तसं ह्यांनीच विचारलं,

"काय गं? पोचलं ना? बघितलंस?"

"बघितलं."

"मग? डोळ्यांवर आहे ना?"

"डोळ्यांवरच आहे," ती म्हणाली. "एकही फ्रेम हललेली नाही. कोणी सांगायला होतं शेजारी?"

"कोण असणार?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"अगं, रडतेस काय? चांगलं आलंय ना?"

"चांगलं आलंय म्हणूनच रडतेय, गाढवा!" ती एकदम भडकली. "रजा मंजूर करून घेतली होती मी. बॅग पलंगाखालून काढून ठेवलीय चार दिवस. तू चुकशील म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. आणि तू... एवढं अचूक घ्यायची काय गरज होती?"

मी चुकणारच होतो, मुद्दाम चुकणार होतो, गाद्यासुद्धा उन्हात घातल्या, हे सगळं बारीकरावांच्या मनातच राहिलं. पलीकडे ती रडत होती आणि इकडे हे फोन कानाला घट्ट दाबून उभे होते.

"शॉट झाला," ती डोळे पुसत असल्यासारखी म्हणाली. "आता काय सांगून येऊ मी?"

"काही सांगू नकोस," बारीकराव म्हणाले. आवाज फाटला तरी ते थांबले नाहीत. "शॉट गेला खड्ड्यात. मला करमत नाही गं तुझ्याशिवाय. माझ्यासाठी ये."

तिने पलीकडे नाक शिंकरलं. मग म्हणाली, "आणि हे म्हणायला तुला तीन अंडी लागली होय रे?"