सात सेकंदांची बासरी

मावला गावातल्या आमच्या खोलीत सहा संगणक, सहा हेडफोन आणि एक चिराग सर. काम एवढंच: गाण्याचा तुकडा ऐकायचा आणि कोणतं वाद्य वाजतंय ते नोंदवायचं. संगणकाला वाद्यं शिकवायची असतात म्हणे. मधूनमधून परीक्षेचे तुकडे येतात. त्यांची उत्तरं सरांनी आधीच ठरवलेली. शंभरात नव्वद जुळली नाहीत की खुर्ची गेली.

सरांची रीत आम्ही पहिल्याच महिन्यात ओळखली. मागे तानपुरा असला की बासरी, पियानो असला की पाश्चात्त्य फ्लूट. शेजारी बघून माणसाची जात ठरवावी तसं. आम्हीही तसंच नोंदवू लागलो आणि सगळे पंच्याण्णवच्या वर गेलो. एक रंजीता सोडून. इचोडा गावच्या फकिरा भाजीवाल्याची मुलगी, बापाकडून बासरी शिकलेली. ती तुकडे खरंच ऐकायची, म्हणून एकोणनव्वदवर अडकली.

महिनाअखेरीला परीक्षेच्या सात सेकंदांच्या एका तुकड्यावर तिनं हरकत घेतली; ती मान्य झाली तर तिचे नव्वद होणार होते. मागे पियानो होता.

"सर, हे बासरी हाय. सूर लागायच्या आधी फुंकेचा आवाज ऐका. अन् सा वरून ग वर गेला तो बोटं सरकवून, मधी पायरीच नाई. धातूच्या फ्लूटला चाव्या असतात, तिथं पायऱ्या ऐकू येतात. ओठानं थोडा वाकवता येते सूर, एवढा लांब नाई."

"आवाज तर एकदम स्वच्छ आहे."

"स्वच्छ नाई सर, मऊ हाय. बांबूचा हाय. फ्लूटचा सूर झळकते, अन् लांब धरला की एकसारखा थरथरते."

सरांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा पडला. कळलं होतं त्यांना. पण उत्तर बदललं तर त्यांची चूक वर दिसणार होती.

"नियमाप्रमाणे तिसऱ्याचं मत घेऊ," ते म्हणाले. "हर्षाली, तू ऐक. घाई नाही."

मी हेडफोन लावला. आधी फुंक, मग तो सूर, तेल लावल्यासारखा घसरत वर गेलेला. माझ्यासारख्या अडाणी कानालाही कळला. सर माझ्याकडे न बघता समोसा खात होते. बोटांना तेल, मिशीला बटाटा. पुढच्या महिन्यात एकाला देखरेखीवर घेणार, असं ते कालच मला म्हणाले होते.

मी पाश्चात्त्य फ्लूट नोंदवलं.

"बरोबर," सर म्हणाले आणि उरलेला समोसा माझ्याकडे सरकवला. मी तो खाल्लाही. तेल अजून घशाशी आहे.

रंजीतानं डबा पिशवीत घातला. हेडफोनची वायर गुंडाळून नीट ठेवली. माझ्या खुर्चीपाशी थांबली.

"ताई, तुमाले ऐकू आलं होतं ना?"

"पियानो जरा मोठा होता गं," मी म्हटलं.