शून्यावर ठेवलेला काटा

बंगळूरजवळ, येलहंक्याच्या पलीकडे त्या उड्डाण क्लबची एकच धावपट्टी होती: सत्तावीसशे फूट मुरूम, कडेला दर तीनशे फुटांवर चुन्याने रंगवलेला दगड, आणि टोकापुढे चारशे फुटांवर निलगिरीची उंच रांग. १९६१ सालच्या एप्रिलमधल्या त्या बुधवारी दुपारी दीड वाजता त्रिविक्रम तापमापकाजवळ उभा होता. पारा पस्तीस अंशांवर होता. खाली वाकून पाहिले तर धावपट्टीचे दुसरे टोक पाण्यात बुडाल्यासारखे थरथरत होते.

विमान सकाळी सहाला बेळगावला निघायचे होते. परंतु हुबळीकडचे कापसाचे व्यापारी शिवाप्पा आपल्या जावयासह मैदानावर पोहोचले तेच साडेअकराला, आणि घड्याळ पाहून खुर्चीवर ठाण मांडून बसले. बुधवारी बारा ते दीड राहुकाळ. त्या वेळात ते घराचा उंबरासुद्धा ओलांडत नसत.

"राहू टळला, आता ऊन गाठलं," प्राणेश हसत म्हणाला. "विक्रम, चिठ्ठी झाली का रे? ऊन उतरायला पाचापर्यंत थांबलो तर बेळगावला अंधारात उतरावं लागेल, आणि तिथे माझ्यासाठी कोणी दिवे लावून बसलेलं नाही."

प्राणेश क्लबचा वैमानिक. दोघे मल्लेश्वरममध्ये एकाच गल्लीत वाढलेले, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारे. प्राणेश बोलत असे आणि त्रिविक्रम ऐकत असे. मैत्रीची ही वाटणी शाळेपासून ठरलेली होती. त्रिविक्रम दोन वर्षे मद्रासला हवाई कचेरीत हेच हिशेब करत होता. चार महिन्यांपूर्वी तो इथे आला, तोही प्राणेशने शब्द टाकल्यामुळे. उड्डाणाला किती धाव लागेल, हे तक्त्यातून काढून चिठ्ठीवर लिहून देणे हे त्याचे काम.

त्याने विमानात डोकावून उंचीमापकाचा काटा पाहिला. शून्य. मग खोलीत येऊन तक्ता उघडला. उंचीच्या रकान्यात शून्य, तापमानाच्या रकान्यात पस्तीस, वजन पूर्ण. धाव नऊशे फूट, झाडांइतकी उंची गाठेपर्यंत सोळाशे. त्याने आकडे लिहिले, पुन्हा पडताळले आणि चिठ्ठी प्राणेशच्या हाती दिली.

"सोळाशे? म्हणजे अर्धी पट्टी आपण दान करतोय," प्राणेश म्हणाला. "शिवाप्पांना सांग, राहूचं आता काही चालायचं नाही."

"स्वल्प हळू बोला, अण्णा," इंधन भरणारा खंडोजी पुटपुटला. "ऐकलं तर पुन्हा बसतील खुर्चीवर."

शिवाप्पांनी विमानाच्या पंखाला हात लावून नमस्कार केला. जावई मागे बसला. दार मिटले. पंखा फिरू लागला आणि तांबडी धूळ त्रिविक्रमच्या अंगावरून गेली.

विमान धावू लागले. पहिला दगड गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दगडाशी, म्हणजे नऊशे फुटांवर, चाके उचलायला हवी होती. ती मुरमात तशीच जड फिरत होती. इंजिनाचा आवाज रोजच्यासारखाच होता, तरी त्यातले बळ कोणी काढून घेतल्यासारखे वाटत होते. चौथा दगड गेला.

"आज हलत का नाही?" खंडोजी म्हणाला.

त्रिविक्रमला आधी विमानाचाच संशय आला. आपल्या आकड्याचा आला नाही. आणि मग, पाचव्या दगडाच्या सुमारास, त्याच्या डोळ्यांपुढे तो काटा आला.

क्लबात रोज सकाळी पहिले काम म्हणजे उंचीमापक शून्यावर आणणे. शिकाऊ वैमानिकाला आपण मैदानापासून किती वर आहोत ते थेट वाचता यावे, म्हणून. सोयीची रीत होती. पहाटेच्या गारव्यात, हलक्या विमानात, तिने कधी कुणाचे काही बिघडवले नव्हते. पण तक्त्याला मैदान ठाऊक नसते. त्याला हवेचा दाब लागतो. आधी काटा समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबावर लावायचा आणि मग उंची वाचायची. तसे केले असते तर काट्याने तीन हजार फूट दाखवले असते. मद्रासला मैदानच समुद्राकाठी. तिथे शून्य आणि खरी उंची यांत फरक पडत नसे. तिथली सवय त्रिविक्रम इथे घेऊन आला होता.

तीन हजार फुटांवर हवा आधीच विरळ, आणि त्या उन्हाने ती आणखी विरळ झालेली. विमानाच्या दृष्टीने ते बंगळूर नव्हतेच. ते सहा हजार फुटांवरचे एखादे डोंगरमाथ्याचे मैदान होते. तिथे इंजिनाला श्वास कमी, पंख्याला पकडायला हवा कमी, आणि पंखांना तेवढाच भार पेलायला जमिनीवरून कितीतरी अधिक वेगाने धावावे लागते. खरी धाव अठराशेची होती. झाडांवरून जायला तेहेतीसशे फूट हवे होते. निलगिरी एकतीसशेवर होत्या.

तो भिंतीवरच्या तांबड्या निशाणाकडे धावला. ते काढून पट्टीवर आला आणि हात उंच करून हलवू लागला. "थांब! प्राणेश, थांब!" आयुष्यात इतक्या मोठ्याने तो कधीच ओरडला नव्हता. पण विमान केव्हाच पुढे गेले होते, आणि त्यातल्या माणसांच्या पाठी त्याच्याकडे होत्या.

सहाव्या दगडापाशी चाके सुटली. विमान जमिनीलगतच्या हवेवर हातभर तरंगले, वर जाण्याचे नाव घेईना. प्राणेशने घाई केली नाही; नाक खाली धरून त्याने वेग जमवू दिला. मग झाडे आली. विमान थोडे चढले, मिनिटाला दोनशे फुटांच्या त्या दीनवाण्या चढाने. डावा पंख शेंड्यात अडकला आणि विमान झाडांपलीकडे कोसळले.

शिवाप्पा आणि जावई हाडे मोडून का होईना, बाहेर आले. प्राणेशला खंडोजीने आणि त्रिविक्रमने ओढून काढले.

संध्याकाळी इस्पितळात त्याला थोडा वेळ शुद्ध आली. ओठ कोरडे होते. त्याने त्रिविक्रमला जवळ बोलावले.

"माझं चुकलं रे," तो म्हणाला. "आणखी थोडा वेग घेऊन उचलायला हवं होतं. हात घाई करून गेला."

"नाही. तुझा हात बरोबर होता. मी शून्य धरलं. तक्त्यात तीन हजार धरायचे होते."

प्राणेशला समजले की नाही, ते कळेना. मग तो अगदी हळू म्हणाला, "मीही पाहिला होता काटा. शून्यच होता. रोज असतो." आणि डोळे मिटून, "सरी, असू दे. कुणाला तरी सुचायला हवं होतं."

त्या 'कुणाला तरी'त त्याने स्वतःलाही घेतले होते. तो औदार्याने बोलला होता, आणि म्हणूनच त्रिविक्रमला ते सोसवेना. एकट्याचा दोष निदान एकट्याला वाहता आला असता.

बाहेर बाकावर प्राणेशची मोठी बहीण वसुमती बसली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. त्रिविक्रम तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळे सांगितले: काटा, तक्ता, तापलेली हवा, एकतीसशे आणि तेहेतीसशे. एकही शब्द सौम्य केला नाही. ती ऐकत होती, पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

"मला यातलं काही कळत नाही, विक्रम," ती शेवटी म्हणाली. "तू शिकलेला आहेस. तो वाचेल का, तेवढंच सांग."

मघाशी डॉक्टर त्याला बाजूला घेऊन बोलले होते. रात्र निघेल, असे त्यांना वाटत नव्हते.

"नाही, अक्का," तो म्हणाला.

तिने मान हलवली, उठून पदर सावरला आणि आत गेली. त्रिविक्रम तिच्यामागून गेला नाही; तिच्या रिकाम्या जागी बाकावर बसला.