मोटरीला वळण

आमच्या कारखान्यात मामाला सगळे तेलराजे म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ते नाव मिरवत असे. गाडीचं स्टिअरिंग हाताला हलकं करणारी तेलाची यंत्रणा, म्हणजे पंप, नळ्या आणि व्हॉल्व्ह, हा त्याचा विभाग. माझा विभाग समोरच्या शेडमध्ये. तेच काम तेलाशिवाय, विजेच्या मोटरीने करून दाखवायचं, हे आमच्याकडे सोपवलेलं. म्हणजे घरी मी त्याची लाडकी भाची आणि कारखान्यात त्याच्याच पोटावर पाय द्यायला निघालेली बाई. आईने नियम घातला होता की जेवताना दोघांनी कारखाना दाराबाहेर ठेवायचा. आम्ही ठेवायचो, आणि पहिला घास संपायच्या आत खिडकीतून आत घ्यायचो.

"तुझी मोटर म्हणजे नवी सून," मामा म्हणायचा. "येते झोकात, पण घरातलं काही कळत नाही तिला."

"आणि तुझा पंप म्हणजे सासूबाई. कोणी काही मागो न मागो, दिवसभर आपल्या चालूच."

हे मात्र त्याला झोंबायचं, कारण ते खरं होतं. तेलाचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. गाडी सरळ जात असली, स्टिअरिंगला कोणी हात लावत नसलं, तरी तो फिरत राहतो आणि इंजिनाची ताकद खात राहतो. मोठ्या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. छोट्याचा जीव मेटाकुटीला येतो.

आणि आता एक गाडीवाली कंपनी अगदी छोट्या इंजिनाची नवी गाडी काढणार होती. तिला स्टिअरिंग आमच्याकडून हवं होतं. तेलाचं की विजेचं, हे चालवून बघून ठरणार होतं. त्यासाठी त्यांच्या मुख्य इंजिनियर स्वतः चाचणीच्या ट्रॅकवर आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. एकसारख्या दोन गाड्या उभ्या होत्या. एकीत मामाचं स्टिअरिंग, दुसरीत माझं.

बाईंनी आधी मामाची गाडी चालवली आणि पसंतीची मान डोलावत उतरल्या. मग माझ्या गाडीत बसल्या. मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप.

सुरुवात झकास झाली. जागच्या जागी चाकं वळवायला त्यांना एक बोट पुरलं, आणि त्या चक्क हसल्या. मी मनात पेढे वाटायला घेतले होते. तेवढ्यात पहिलं वळण आलं. वळण संपता संपता त्यांनी स्टिअरिंग मोकळं सोडलं. कुठल्याही चांगल्या गाडीत ते अशा वेळी आपोआप सरळ होतं. माझं अर्ध्यावर आलं आणि रुसल्यासारखं तिथेच थांबलं. बाईंनी ते हाताने सरळ केलं. पुढे सरळ रस्त्यावर वेग वाढला, तशा त्या सारख्या डावी-उजवी दुरुस्ती करायला लागल्या. गाडी पिऊन आल्यासारखी डुलत होती.

"हाताला काही लागतच नाही," उतरल्यावर त्या म्हणाल्या. "रस्ता खाली आहे की नाही, कळत नाही. मी जेवून येते. दुपारी एकदा परत चालवीन. तेव्हाही असंच असेल, तर या गाडीत तेल."

त्या गेल्या. माझ्या हाताखालची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मी गाडीतच बसून राहिले. तेवढ्यात ड्रायव्हरकडचं दार उघडलं आणि मामा आत शिरला.

"अभिनंदन," मी म्हणाले. "चारचौघांत अहो-जाहो करते, पण आत्ता कोणी नाहीये. खूश झालास ना?"

"झालो," मामा म्हणाला. "आता किल्ली दे. मला चालवू दे."

त्याने एक फेरी मारली. वळणावर स्टिअरिंग सोडलं, ते अडकलं. पुन्हा सोडलं, पुन्हा अडकलं. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण त्याचे डोळे बारीक झाले होते. असे डोळे मी ओळखत होते. एखादा व्हॉल्व्ह का शिट्टी मारतोय, हे शोधताना ते असे व्हायचे.

"हाताचा जोर वाढेल तसा मोटरीचा जोर किती वाढतो, त्याची रेघ दाखव."

मी पडद्यावर रेघ दाखवली. मध्यापासून निघालेली, सरळ, चढती. हात जरा लागला की मोटर मदतीला हजर.

"इथेच मेली तुझी गाडी," मामा म्हणाला. "तुझ्यातही पिळाची दांडी आहे ना?"

"आहे. तुझ्यासारखीच."

ते आमच्यातलं साम्यच होतं. दोन्हीकडे स्टिअरिंगच्या दांड्यामध्ये एक बारीक पोलादी दांडी असते. ड्रायव्हरने वळवलं आणि चाकांनी विरोध केला की ती किंचित पिळते. मामाच्या यंत्रणेत त्या पिळाने व्हॉल्व्हची भोकं उघडतात आणि दाबाखालचं तेल चाकं वळवणाऱ्या पट्टीला एका बाजूने ढकलतं. माझ्यात तोच पीळ सेन्सर मोजतो आणि मोटरीला सांगतो, किती जोर लाव.

"माझ्या व्हॉल्व्हच्या कडा मी कशा घासून घेतो, माहीत आहे? मध्यावर जवळजवळ काहीच मदत नाही. तिथे ड्रायव्हर आणि रस्ता यांना बोलू द्यायचं. आपण मध्ये तोंड घालायचं नाही. पीळ वाढला की मग चढायचं, आणि एकदम चढायचं. तू पहिल्या शब्दालाच मध्ये बोलतेस."

मी बोटं चालवली. मध्याशी रेघ सपाट केली, मग वर वाकवली. पुन्हा फेरी. सरळ रस्त्यावर गाडीचं डुलणं निम्म्याने गेलं.

"आणि परत का येत नाही?" मामाने विचारलं.

"मोटरीचं स्वतःचं वजन आणि मधल्या दात्यांचं घर्षण. चाकं परत यायला बघतात, पण ती सगळी वरात त्यांना ओढावी लागते. मोटरीनेच मध्याकडे ढकलावं, अशी सोय मी केली आहे. पण ती चालू केली की स्टिअरिंग मध्य ओलांडून पलीकडे जातं, मग अलीकडे येतं. घड्याळाच्या लंबकासारखं. म्हणून बंद ठेवली."

मामा हसायला लागला. मोठ्याने, मान मागे टाकून.

"अगं, तेल नुसतं ढकलत नाही. ते धरूनही ठेवतं. चाकं परत येताना तेलाला बारीक वाटेतून सरकावं लागतं, म्हणून ती शिस्तीत येतात. तुझ्याकडे तेल नाही. मग धरून कोण ठेवणार?"

"ती अडवणूकही प्रोग्राममध्ये आहे. पण लावली की पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड होतं."

"मग पार्किंगमध्ये नको लावू."

हे तो सहज बोलून गेला. मग त्याने माझ्याकडे वळून बघितलं.

"तसं करता येतं?"

"गाडीचा वेग मला कळतो, मामा. प्रत्येक वेगाला वेगळी अडवणूक. प्रत्येक वेगाला वेगळी रेघ."

"म्हणजे उभ्या गाडीत एक व्हॉल्व्ह आणि हमरस्त्यावर दुसरा?"

"दुसरा, तिसरा, हवे तेवढे."

मामाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि काचेतून समोर बघत राहिला. मला वाटलं, त्याला वाईट वाटलं असेल. ते तसं नव्हतं.

"माझी उमर त्या भांडणात गेली," तो म्हणाला. "पार्किंगला हलकं केलं की वेगात सैल. वेगात घट्ट केलं की बायाबापड्यांना पार्किंगला घाम. वेगाप्रमाणे बदलणारा व्हॉल्व्हही बसवून बघितला. महाग आणि किचकट. शेवटी पोलादात एक रेघ घासली की घासली, दोघांनाही थोडं थोडं नाराज ठेवायचं. आणि तू इथे बसून, मांडीवर..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि सीटबेल्ट लावला. "चल. ती ढकलायची सोय चालू कर, आधी कमी वेग. मी सांगतो, तू बदल."

मग जे सुरू झालं, त्याला काम म्हणावं की खेळ, मला अजून कळत नाही. मामा वळणात शिरायचा, स्टिअरिंग सोडायचा आणि ओरडून सांगायचा, "आळशी आहे", "आता उतावीळ झालं", "आता जरा धर, अजून जरा". मी आकडे बदलायचे, तो पुन्हा वळायचा. मी हसत होते. जेवायची आठवण कोणालाच झाली नाही. एका फेरीत त्याने लांब वळणाच्या शेवटी हात काढून घेतले. स्टिअरिंग अलगद फिरत मध्यावर आलं आणि तिथेच थांबलं, शहाण्या मुलासारखं.

मामाने फक्त हात पुढे केला आणि मी त्यावर टाळी दिली.

मोठ्या बाई आल्या तेव्हा मामा उतरला, पण लांब गेला नाही. मागच्या सीटवर बसू का, म्हणून विचारलं. त्यांनी भुवया उंचावल्या.

"तुमचं स्टिअरिंग दुसऱ्या गाडीत आहे ना?"

"हो. पण मजा इथे आहे."

बाईंनी वळणं घेतली, सरळ रस्ता घेतला, उतारावर वेग वाढवला. या वेळी त्यांचे हात स्थिर होते. मग त्यांनी अचानक विचारलं, "मोटर बंद पडली तर?"

"चाचणीसाठी मोटरीची वीज तोडणारं बटण बसवलंय," मी म्हणाले. "पुढच्या मोकळ्या वळणावर सांगून दाबते."

"सांगू नका. दाबा."

दाबलं. स्टिअरिंग एकदम जड झालं, बाईंचे खांदे ताठ झाले, पण चाकं वळत राहिली. दांडा थेट चाकांपर्यंत जोडलेला होता. मोटर फक्त मदतीला होती. गाडी वळणातून नीट बाहेर आली. मामा मागून म्हणाला, "पंपाचा पट्टा तुटला तरी असंच होतं. हात दुखतात, रस्ता सुटत नाही."

शेवटी त्या उतरल्या आणि मामाच्या गाडीत बसल्या. इंजिन मंद चालू, एसी चालू. त्यांनी स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरलं. पंपावर भार आला, छोटं इंजिन धापा टाकायला लागलं आणि सगळी गाडी थरथरली. मामाने खिशात हात घातले आणि आकाशाकडे बघितलं.

"छोट्या गाडीत वीज," बाई म्हणाल्या. "तुमच्या मोटरीला सध्या मोठी गाडी झेपायची नाही."

"नाही," मी म्हणाले. "बॅटरी तेवढा करंट देणार नाही. मोठ्या गाड्या आणि ट्रक अजून बराच काळ तेलराजेंचेच."

"पण एवढ्या वेळात हे नीट केलं कोणी?"

मी मामाकडे बोट दाखवलं, त्याने माझ्याकडे. बाईंनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग दोघंही या पुढच्या बैठकीला. आणि काहीतरी खाऊन या, चेहरे बघा स्वतःचे."

त्या गेल्यावर मी माझी गाडी शेडकडे घ्यायला निघाले, तर मामाने किल्ली काढून घेतली.

"मामा, झालं सगळं. ठरलं."

"ठरलं म्हणूनच," तो म्हणाला. "हमरस्त्याच्या वेगाला स्टिअरिंग थोडं अजून घट्ट करून बघू. मला एक शंका आहे."

त्याने गाडी ट्रॅककडे वळवली, एका बोटाने, आणि मी लॅपटॉप उघडला.